इनिशियल्सवरून हँडल: इंग्रजी लेटर नको, मराठी अक्षर घ्या

प्रश्न: मी इलस्ट्रेटर आहे, पुण्यात असते. सगळीकडे एकच हँडल हवंय, लहान, आणि त्यावरून बाई की पुरुष, वय, जात काहीच कळायला नको, म्हणून आडनाव लावायचं नाहीये. नाव अनुजा, इनिशियल्स अ. स. सा. आता ही इंग्रजीत लिहून बघा म्हणजे माझं दुखणं कळेल. मागे पुढे 92 लावून बघितलं, नाही आवडलं. मोनोग्रामपण त्यावरूनच करायचाय. काय करू?

उत्तर:

अनुजाताई, लिहून बघितलं. हसलो, सॉरी. पण ass हा तुमचा एकटीचा प्रॉब्लेम नाहीये, आणि खरं सांगायचं तर तो मोठा प्रॉब्लेम पण नाहीये. समजा तुमची इनिशियल्स स्वच्छ असती, म्हणजे अ. म. के. वगैरे, तरी amk तुम्हाला कुठेच मिळालं नसतं. तीन इंग्रजी लेटरची सगळी मिळून जुळणी होते १७,५७६. गुणाकार करून बघा, २६ गुणिले २६ गुणिले २६. एवढी माणसं तर एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या गावात असतात, आणि तिकडे अकाउंटं कोटींनी आहेत. त्यामुळे तीन लेटरवाली हँडलं केव्हाच संपली, आणि मग माणूस शेपट्या लावत बसतो, 92 लाव, official लाव, दोन अंडरस्कोर लाव, की झालं, लहानपण गेलं आणि आपलेपण पण गेलं.

माझं काम लेटरिंग आणि लोगोचं, कोल्हापुरात, वीसेक वर्षं झाली. पण इनिशियल्सचा नाद त्याच्याही आधीचा आहे, कारण वडील भांड्यांवर नावं घालायचे. ते टिकटिक करणारं मशीन असतं ना, स्टीलच्या डब्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव उमटतं, तेच. त्यांचा रेट अक्षरावर असायचा, त्यामुळे गिऱ्हाईक पहिल्यांदा अख्खं नाव सांगायचं, मग हिशोब ऐकून म्हणायचं की नको, नुसतं "स. रा. पा." घाला. आता गंमत बघा, वाड्यातल्या पाच घरांचे डबे लग्नकार्यात एकत्र झाले तरी परत जाताना बरोबर आपापल्या घरी जायचे. लहान, बाहेरच्याला काही न सांगणारं, आणि घरच्याला लगेच ओळखू येणारं. तुम्ही जे मागताय ते हेच आहे.

आणि त्या डब्यांवर S. R. P. नसायचं, "स. रा. पा." असायचं. सगळी मेख इथे आहे.

इंग्रजीत इनिशियल म्हणजे एक लेटर, त्याला स्वर नसतो, ती तीन शेजारी ठेवली की बहुतेक वेळा तोंडात बसतच नाहीत, एकेक करून सांगावी लागतात. मराठीत आपण अक्षर घेतो, स्वरासकट. म्हणून गजानन दिगंबर माडगूळकरांचं गदिमा झालं आणि दत्ताराम मारुती मिरासदारांचं दमामि झालं. हीच नावं इंग्रजी लेटरनी GDM आणि DMM होतात, ज्यांना कोण हाक मारणार? गदिमा हा शब्दच वाटतो, कानाला लागतो, आणि ज्याला पूर्ण नाव माहीत नाही त्यालाही तो एकदा ऐकून लक्षात राहतो. उलट जी. ए. कुलकर्ण्यांचं जीए झालं, ते इंग्रजी लेटरच्या उच्चारावरून. बोलायला तेही मस्त आहे, पण ते रोमनमध्ये टाईप करायला सांगा, कोणी ga लिहील, कोणी jeeye, कोणी jia. म्हणजे लेटरचा उच्चार लिहून हँडल करायची आयडिया (A. S. चं ayes वगैरे) ऐकायला स्मार्ट वाटते पण दोन माणसं तेच स्पेलिंग करत नाहीत, त्या वाटेला जाऊ नका.

अक्षर घेतलं की जागा पण किती वाढते बघा. रोमनमध्ये वीसेक व्यंजनं आणि पाच स्वर धरले तर एका अक्षराच्या शंभर शक्यता, तीन अक्षरांच्या दहा लाख. लांबी फक्त सहा लेटर. कुठे १७,५७६ आणि कुठे दहा लाख, आणि परत प्रत्येक जुळणी तोंडात बसणारी.

आता तुमचंच घेऊन बसू, कारण तुमच्या नावात जवळपास सगळे खड्डे आहेत.

पहिली सरळ वाट, अ + स + सा, म्हणजे asasa. कागदावर फार देखणं आहे, उलटं वाचलं तरी तेच येतं, मोनोग्रामवाल्याला तर मोहच पडावा असं. मी असं काही सापडलं की फोनची टेस्ट करतो. चार-पाच जणांना फोन लावायचा, ज्यांना आधी काही सांगितलेलं नाही अशांना, नाव एकदाच म्हणायचं, स्पेलिंग सांगायचं नाही, आणि म्हणायचं की जे ऐकू आलं ते टाईप करून पाठव. पाचातल्या चौघांनी तेच पाठवलं तर नाव पास. asasa चं काय होणार ते मी फोन न लावता सांगतो, कारण असली स-स वाली नावं माझ्याकडे खूप आलीत. एकजण asasa पाठवेल, एकजण aasasa, आणि निदान एकजण assasa पाठवेल, म्हणजे ज्याच्यापासून पळत होतो तेच मागच्या दारानं परत. शिवाय एकच अक्षर लागोपाठ आलं की लोक मोजणीत चुकतात, सा किती वेळा होता, दोनदा की तीनदा. म्हणून हे बाद.

दुसरी वाट, घरात जे म्हणतात ते, अनु, आणि पुढे आडनावाचं सा. anusa. हे बऱ्याच अनुजा, अनुराधा, अनुष्का करतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. पहिली चार लेटरं वेगळी वाचा. इंग्रजीत तो शरीराचा भाग आहे, आणि तो ass च्याच शेजारी राहतो. काही साइटींवर असले शब्द आपोआप अडवतात, नावाच्या मध्ये आले तरी, आणि कारण सांगत नाहीत, नुसतं "हे नाव वापरता येणार नाही" एवढंच येतं. माणूस समजतो की कोणीतरी आधीच घेतलंय.

तिसरी, नावाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर. ही माझी एरवी फार आवडती रीत आहे, कारण तिच्यात आडनाव येतच नाही. पण अनुजाचं होतं अजा. शेळी हा अर्थ सोडून द्या, कोणाला आठवत पण नाही. पण सरकारी फॉर्मवर, कॉलेज अॅडमिशनच्या यादीत अ.जा. म्हणजे काय हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. त्यात वाईट काही नाही, पण तुम्हाला जातीचा अंदाजच नकोय आणि हे नाव समोरच्याच्या हातात थेट एक अंदाज देतं, खरा की खोटा ते नंतर. म्हणून इनिशियल्स जुळवली की दोन्ही लिप्यांत वाचायची. रोमनमध्ये चांगलं दिसलं म्हणून देवनागरीत चांगलं असेल असं नाही आणि उलटंही नाही.

आता माझी सूचना. अनुजा या नावात सगळ्यात स्वतःचं काय आहे? अ नाही. अ नं सुरू होणारी नावं आपल्याकडे ढिगानं आहेत. खास आहे ते नुजा. मग पहिलं अक्षर सोडून द्या आणि मागची दोन घ्या, त्याला आडनावाचं पहिलं अक्षर जोडा. नु + जा + सा.

```
nujasa
```

सहा लेटर. व्यंजन-स्वर, व्यंजन-स्वर, व्यंजन-स्वर, कुठेही दोन व्यंजनं एकत्र नाहीत, एकही जोडाक्षर नाही, त्यामुळे कसं लिहायचं यावर वाद नाही. बाईचं की पुरुषाचं कळत नाही, मराठी आहे हेही कळत नाही, आडनावाचा एक सा आहे पण सा वरून सुरू होणारी आडनावं सगळीकडे आणि सगळ्यांत आहेत, त्यावरून कोणी काही काढू शकत नाही. आत दुसरा कुठला शब्द लपलाय का ते पण बघितलं, शेवटची चार लेटरं jasa, म्हणजे आपलं जसा, आणि इंडोनेशियन भाषेत jasa म्हणजे सेवा. दोन्ही निरुपद्रवी.

एक बारीक शंका मला आली होती ती सांगतो. मराठीत ज दोन आहेत, जागा मधला आणि जीवन मधला. अनुजा म्हणताना कोणी चुकत नाही, पण नुजासा हा शब्द कोणाच्या ओळखीचा नाही, त्यामुळे कोणीतरी जागा मधला ज काढून वाचेल. पण वाचताना चुकलं तरी लिहिताना आपली माणसं दोन्हीला j च लावतात, म्हणून मी ते सोडून दिलं. तरी फोनची टेस्ट तुम्ही कराच, माझ्यावर जाऊ नका, आणि त्या पाचात एखादा अमराठी माणूस ठेवा.

दुसरी एक गोष्ट, दीर्घ सा म्हणून saa करू नका. नियम एकच ठेवायचा, स्वर एकदाच. जा, सा, ना सगळे एका a नं. रोमनमध्ये अ आणि आ चा फरक आपण एरवीही पाळत नाही, चॅटिंगमध्ये कोणी पाळतं का, मग हँडलमध्ये पाळला की फक्त आपल्यालाच माहीत असतो आणि बाकीचे चुकतात.

सगळ्यांच्या नावात हे इतकं सरळ जमत नाही हे पण सांगतो, कारण खाली बाकीचे पण वाचणार. ज्ञानदा, ज्ञानेश अशांचं पहिलं अक्षर घेऊ नका, आपण dnya लिहितो, हिंदीवाला gya लिहितो, म्हणजे पहिल्याच अक्षरात भांडण. तिथे दुसऱ्या अक्षरावरून सुरुवात करा. व असेल तर v की w हे कुटुंबात एकाच घरात दोन तऱ्हेनं चालतं, मग शक्य असेल तर व टाळून पुढचं अक्षर उचला. प्र चालतो, pra लिहिण्यात लोक सहसा चुकत नाहीत. आणि ज्यांच्या नावात दोन-दोन अक्षरंच आहेत, उमा, रवी, त्यांना नावच अख्खं वापरावं लागतं आणि वेगळेपण आडनावाच्या अक्षरातून आणावं लागतं.

मधल्या नावाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण विचारायला हवं होतं. तुमचा तो स वडिलांचा असणार. आपल्याकडे बायकांचं मधलं नाव लग्नानंतर बऱ्याचदा बदलतं, आडनाव तर बदलतंच, आणि मग हँडलमधलं अक्षर कोणाचं हा प्रश्न दर वेळी स्वतःलाच पडतो. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, मोनोग्राममध्ये तिन्ही अक्षरं, दुकानाच्या पाटीपासून पिशवीपर्यंत सगळं छापलेलं, आणि घटस्फोटानंतर त्यांना त्यातली दोन अक्षरं नकोशी झाली. म्हणून मी हल्ली बायकांना काय आणि पुरुषांना काय, सांगतो की हँडलमध्ये जास्तीत जास्त अक्षरं स्वतःच्या नावातली ठेवा. nujasa मध्ये दोन तुमची, एक आडनावाचं, आणि उद्या आडनाव बदललं तरी सा हा नुसता आवाज म्हणून राहतो, कोणी विचारणार नाही. (पुढच्या पिढीचं अजून मजेशीर होणार आहे, महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं लागतं, म्हणजे इनिशियल्स चार. त्यांना निवडायला चिक्कार आहे.)

92 बद्दल. बरं झालं नाही आवडलं. जन्मसाल लावलं की वय जाहीर, आणि तुम्हाला तेच नको होतं. पण कुठलाच आकडा निर्धोक नसतो. ८८ साली जन्मलेली आपली मुलं बिनधास्त 88 लावतात आणि युरोपातल्या क्लायंटला ते निओ-नाझींचं चिन्ह म्हणून दिसतं, कारण H हे आठवं लेटर, दोन H म्हणजे हाईल हिटलर. 420 लावलं तर इकडे चारसोबीस आणि तिकडे गांजा. आणि आकडा फोनवर सांगताना परत प्रश्न येतोच, नाइन्टी टू आकड्यात का स्पेलिंगमध्ये.

आता डॉट आणि अंडरस्कोर. लोक म्हणतात nujasa मिळालं नाही तर nu_jasa घेऊ, त्यात काय. त्यात हे, की सगळीकडे चालेल असं एकही चिन्ह नाहीये. इन्स्टाग्रामवर डॉट आणि अंडरस्कोर चालतात पण हायफन नाही. एक्सवर फक्त अंडरस्कोर, आणि सगळं मिळून १५ लेटरच्या आत. गिटहबवर फक्त हायफन. जीमेलला अंडरस्कोरही चालत नाही आणि हायफनही नाही, डॉट चालतो पण तो ते मोजतच नाहीत, nu.jasa आणि nujasa हे त्यांच्या लेखी एकच. म्हणजे तुम्ही एका ठिकाणी चिन्ह घातलंत की त्याच क्षणी "सगळीकडे एकच" हे गेलं. शिवाय लिंकला खाली रेघ येते, अंडरस्कोर त्या रेघेत बुडून जातो, समोरच्याला ती मोकळी जागा वाटते. म्हणून चिन्ह नाही, आकडा नाही, नुसती लेटरं. आणि सहा लेटर हे मी उगाच धरलेलं नाही, जीमेलला सहापेक्षा कमी चालत नाही आणि टेलिग्रामला पाचपेक्षा कमी. तीन-चार लेटरचं सुंदर हँडल एका ठिकाणी नशिबानं मिळालं तरी मेलला ते घेताच येत नाही.

nujasa कुठे गेलेलं असलं तर शेपटी नका लावू, एक अक्षर आत घाला. वडिलांचा स मध्ये आणा, nujasasa. लांबी आठ, दोन स आले म्हणून मला थोडं कमी आवडतं, पण 92 पेक्षा बरं. किंवा अ परत आणा, anujasa, फक्त मग नाव उघड दिसतं. मी हे कुठे उपलब्ध आहे का ते मुद्दाम तपासलं नाही, तुम्हीच तपासा, आणि आजच तपासा, कारण आता हे चारचौघांत लिहिलं गेलंय. तपासायचा क्रम जीमेलपासून ठेवा. तिथे डिलीट केलेलं नाव पण परत कोणाला मिळत नाही, त्यामुळे सगळ्यात टंचाई तिथे असते. जे तिथे मिळेल ते बाकी ठिकाणी मिळायची शक्यता जास्त, उलटं केलंत तर इन्स्टा घेऊन, फॉलोअर जमवून, शेवटी मेलला अडकता.

दिसण्याबद्दल एक स्वतःचा किस्सा सांगतो म्हणजे मोनोग्रामकडे जाता येईल. माझी इनिशियल्स र. ना. का. सुरुवातीला मी पण शहाणपणा करून rnk घेतलं होतं, तीनच लेटर, एका छोट्या साइटवर मिळालं पण होतं, खूश. व्हिजिटिंग कार्डं छापली, ५००, बारीक टाईपात, फॅशन होती तेव्हा. महिनाभरानं कळलं की लोक mk शोधतायत. r आणि n जवळ आले की m दिसतो, मी लेटरिंगवाला असून मला दिसलं नाही, कारण मला माहीत होतं तिथे काय लिहिलंय. तेव्हापासून मी अक्षरांवर आलो, ranaka झालो, आणि कुठलंही हँडल पक्कं करायच्या आधी ते सहा पॉइंटात प्रिंट काढून दुसऱ्याला वाचायला देतो. rn चा m होतो, vv चा w होतो, छोटा l आणि मोठा I काही फाँटमध्ये सारखेच दिसतात, O आणि शून्याचं तर विचारूच नका. nujasa मध्ये यातलं काही नाही. फक्त n आणि u शेजारी आहेत, वेड्यावाकड्या हातानं लिहिलं तर दोन्ही सारखे दिसतात, पण टाईपात ठीक आहे. चित्रांखाली हातानं सही करणार असाल तर u ची शेपटी नीट काढा एवढंच.

मोनोग्राम. इथे बहुतेक लोक हँडलचीच लेटरं घेऊन ती एकमेकांत गुंफायला बसतात. पारंपरिक तीन लेटरच्या पाश्चात्त्य मोनोग्राममध्ये तर आडनावाचं लेटर मधे मोठं असतं, म्हणजे वाचायचा क्रमच बदलतो, आणि समोरचा डावीकडून उजवीकडे वाचून भलतंच हँडल टाईप करतो. त्यात तुमची लेटरं A, S, S आहेत, क्रम कसाही फिरवा, गुंफलेली असोत नाहीतर सुटी, डोळा बरोब्बर तोच शब्द शोधून काढतो.

माझं म्हणणं असं की हँडल कानासाठी आहे आणि मोनोग्राम डोळ्यासाठी, दोघांनी तेच सांगायची गरज नाही. उलट एकानं सोडलेलं दुसऱ्यानं धरावं. तुमच्या हँडलमधून आपण काय सोडलं? अ. मग मोनोग्राममध्ये नुसता अ घ्या, देवनागरी, एकटा.

बघा काय होतं. गोल चित्रात अ, शेजारी लिहिलेलं nujasa. ज्याला तुमचं नाव माहीत आहे त्याला ते जोडून अनुजा सा दिसतं आणि तो हसतो. ज्याला माहीत नाही त्याला एक अक्षर आणि एक आवाज दिसतो, बस. परदेशी माणसाला तर अ म्हणजे नुसता आकार आहे. तुम्हाला लपायचं पण होतं आणि दिसायचं पण होतं ना?

अ काढताना काही गोष्टी. प्रोफाइलचं चित्र इन्स्टाला काय आणि व्हॉट्सअॅपला काय, गोलात कापलं जातं, आणि कमेंटच्या शेजारी ते नखाएवढं होतं. अ ची शिरोरेषा पूर्ण रुंदीची ठेवलीत तर तिची दोन्ही टोकं गोलात कापली जाणार, म्हणून एक तर शिरोरेषा आखूड करा, फक्त दांड्याच्या डोक्यावर टोपीसारखी, किंवा अक्षर गोलाच्या साठेक टक्के एवढंच ठेवा. अ चं वजन डावीकडच्या दोन पोटांत असतं आणि उजवीकडे एकटा दांडा, त्यामुळे मोजपट्टीनं मध्यात ठेवलंत तर ते डावीकडे झुकलेलं वाटतं, थोडं उजवीकडे सरकवा, डोळ्याला बरं वाटेल तिथे थांबा. पोटांच्या मधली पांढरी जागा हीच पहिल्यांदा बुजते, छोट्या साइजला अ चा नुसता काळा ठिपका होतो, तर ती जागा वाटते त्यापेक्षा जास्त उघडी ठेवा. काढून झालं की मोबाईलवर फोटो म्हणून लावा आणि हात लांब करून बघा. अ दिसला तर ठीक, उ सारखं काहीतरी दिसलं तर पोट आणि दांडा जोडणारी आडवी रेघ अजून जाड करा.

रोमन A च हवा असेल तर तुम्ही इलस्ट्रेटर आहात, जर्मन चित्रकार ड्यूररची सही आठवा, मोठा A आणि त्याच्या दोन पायांच्या मधे छोटा D. तसा A च्या पोटात एकच छोटा s बसतो, दुसरा s नको. चांगलं दिसतं. पण ते ड्यूररसारखं दिसतं, हे तुमच्याच धंद्यातले लोक पहिल्यांदा म्हणणार.

शेवटी यानं काय होणार नाही ते पण सांगतो. हँडल तटस्थ केलं म्हणून नाव झाकलं जात नाही, फक्त पहिल्या भेटीत दिसत नाही. क्लायंटनं यूपीआयनं पैसे टाकले की त्याला बँकेतलं नाव दिसतंच, बिलावर पॅनच्या नावानं सही असतेच. तुमचं काम जुन्या ओळखीतून येत असेल, शाळेतल्या मैत्रिणी, आधीच्या ऑफिसातले लोक, तर ते तुम्हाला नावानंच शोधणार, त्यांना nujasa सापडणार नाही. त्यासाठी हँडल बिघडवू नका, खाली डिस्प्ले नावाची वेगळी जागा असते, तिथे नुसतं "अनुजा" देवनागरीत आणि पुढे इलस्ट्रेटर असं ठेवा. मग बाई की पुरुष हे मात्र कळणार, ते नकोच असेल तर तिथेही अ. सा. लिहा आणि जुन्या लोकांना एकदा स्वतः कळवा. हे तुमच्या गिऱ्हाइकावर अवलंबून आहे, मला इथून सांगता येणार नाही.

आणि ते 92 वालं जुनं अकाउंट लगेच डिलीट करू नका. नाव बदलून nujasa करता आलं तर तेच करा. नाही तर तिथे एकच पोस्ट ठेवा, तो अ, आणि खाली नवीन हँडल. माझ्या rnk च्या कार्डांतली शंभरेक अजून ड्रॉवरमध्ये आहेत, मागच्या कोऱ्या बाजूवर पेन चालतंय का बघायला वापरतो.